पोटरीत गोळा का येतो आणि तो खरंच कशाने सुटतो

रात्रीचे साडेअकरा वाजलेत. मातीच्या मैदानावर कबड्डीचा उपांत्य सामना चालू आहे आणि चढाईपटूचा हा आजचा तिसरा सामना. दुसऱ्या डावातली शेवटची पाच मिनिटं उरलीत. तो बोनस रेषेवर पाय टाकतो, चवड्यावर गिरकी घेऊन मध्यरेषेकडे झेपावतो आणि तिथेच बसतो. पोटरी टणक झालेली असते आणि कातडीखाली स्नायूचा गोळा वर आलेला डोळ्यांनी दिसतो. मग चारजण धावतात. एक पाणी ओततो, एक मुठीने पोटरी बडवतो, एक गुडघ्याखाली रुमाल आवळतो, चौथा लिंबू-मीठ तोंडात पिळतो. दोन-तीन मिनिटांत खेळाडू उभा राहतो आणि चौघांनाही वाटतं की आपल्याच उपायाने उतार पडला.

सगळा घोटाळा इथेच होतो. खेळताना आलेला बहुतेक गोळा काहीही केलं नाही तरी थोड्या मिनिटांत आपोआप सुटतो. त्यामुळे त्या वेळेत जे काही केलं जाईल त्याला श्रेय मिळतं. रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या मैदानांवर इतके निरनिराळे उपाय टिकून आहेत, त्याचं हे एक मोठं कारण आहे. म्हणून एखादा उपाय खरा की नाही हे पाहायचं असेल तर ‘गोळा सुटला का’ एवढं विचारून भागत नाही. काहीच न करता जेवढा वेळ लागला असता त्यापेक्षा लवकर सुटला का, आणि पुन्हा येणं कमी झालं का, हे विचारावं लागतं.

गोळा येण्याचं सगळ्यांना पाठ असलेलं कारण म्हणजे ‘अंगातलं पाणी आणि मीठ कमी झालं’. हे कारण मुळात खेळाच्या मैदानावरून आलेलं नाही. 1920च्या दशकात इंग्लंडमधल्या कोळसा खाणींतले मजूर आणि 1930च्या दशकात अमेरिकेतल्या हूवर धरणावर वाळवंटी उन्हात राबणारे कामगार यांच्यात हातापायाला, पोटाला जबरदस्त पेटके यायचे. ही माणसं आठ-आठ तास घाम गाळत आणि त्यावर नुसतं साधं पाणी पीत. पाण्यात मीठ घालून दिल्यावर त्यांचे पेटके कमी झाले. तिथे ते निदान बरोबर होतं. पुढे तेच निदान जसंच्या तसं खेळाडूंवर लावलं गेलं आणि तिथे ते पुरं पडलं नाही.

दक्षिण आफ्रिकेतल्या केप टाउनजवळ 56 किलोमीटरची एक प्रसिद्ध शर्यत होते. त्या शर्यतीतले गोळा आलेले आणि न आलेले धावपटू यांचं रक्त तपासलेला अभ्यास 2004 साली प्रसिद्ध झाला. गोळा आलेल्यांच्या अंगातलं पाणी जास्त घटलेलं नव्हतं आणि त्यांच्या रक्तातलं सोडियमही नेहमीच्या मर्यादेतच होतं. 2011 साली पोहणं, सायकल आणि धावणं अशा लांब पल्ल्याच्या शर्यतीतल्या 210 स्पर्धकांचा अभ्यास आला. त्यात 43 जणांना गोळे आले होते. त्यांच्यात आणि इतरांत फरक निघाला तो दोन बाबतींत: ते जास्त वेगाने गेले होते, आणि त्यांना पूर्वीही गोळे आलेले होते. पाण्यामिठाच्या हिशेबात म्हणण्यासारखा फरक नव्हता.

थोडा विचार केला तरी हे पटतं. घामातून मीठ जातं ते सगळ्या शरीराचं. मग गोळा नेमका एकाच पोटरीत, आणि तीही सामनाभर राबलेल्या पोटरीत का यावा? आणि पाय नुसता ताणल्यावर तो सुटतो, तेव्हा ताणण्याने अंगात मिठाचा कण तरी वाढलेला असतो का?

आज जास्त पटणारं स्पष्टीकरण असं की गोळा हा मुख्यतः थकलेल्या स्नायूला मज्जारज्जूतून जाणाऱ्या हुकमातला बिघाड असतो. प्रत्येक स्नायूत दोन प्रकारचे संवेदक असतात. स्नायूच्या आत असलेले संवेदक त्याची लांबी मोजतात आणि तो ताणला गेला की ‘आवळ’ असा निरोप पाठवतात. स्नायू जिथे हाडाला जोडलेला असतो त्या कंडरेतले संवेदक ओढ मोजतात आणि ओढ फार झाली की ‘सैल सोड’ असा निरोप पाठवतात. गाडीचा ॲक्सिलरेटर आणि ब्रेक यांच्यासारखी ही जोडी आहे. स्नायू थकला की आवळण्याचे निरोप वाढतात आणि सैल सोडण्याचे कमी होतात. त्यातच स्नायू आधीच आखडलेल्या स्थितीत असेल तर कंडरेवर ओढच राहत नाही, म्हणजे ब्रेक जवळजवळ सुटलेलाच असतो. अशा वेळी आणखी एक जोराचा झटका दिला की स्नायू आवळतो आणि तसाच अडकून राहतो.

आता कबड्डीतली पोटरी बघा. पोटरीचा वरचा मोठा स्नायू गुडघ्याच्या वरून, मांडीच्या हाडापासून निघतो आणि टाचेला जाऊन मिळतो. म्हणजे तो गुडघा आणि घोटा असे दोन सांधे ओलांडतो. गुडघा वाकवला की तो वरच्या बाजूने आखडतो, टाच उचलली की खालच्या बाजूने. चढाईपटू कसा उभा असतो? गुडघे वाकलेले आणि भार चवड्यावर. म्हणजे हा स्नायू दोन्ही टोकांनी आखडलेला, आणि त्याच अवस्थेत त्याच्याकडून दर काही सेकंदांनी उडी, गिरकी, झेप मागितली जाते. समुद्रात पोहणाऱ्यालाही पाय मारताना पंजा मागे ताणून धरावा लागतो, त्यामुळे त्याचीही पोटरी अशीच सापडते. गोळा पहिल्या डावात क्वचित आणि शेवटच्या मिनिटांत नेहमी का येतो, तेही यातून कळतं. तो थकव्यावर येतो.

किनाऱ्यावरची दमट हवा यात भर घालते. हवेतच ओलावा इतका असतो की घाम वाळत नाही, नुसता गळतो. घाम गळल्याने अंग थंड होत नाही, तो वाळल्याने होतं. म्हणून तेवढाच खेळ खेळून इथे अंग जास्त तापतं आणि स्नायू लवकर थकतो.

हे कारण लक्षात घेतलं की मैदानावरचा उपाय आपोआप सुचतो: कंडरेवर पुन्हा ओढ आणायची, म्हणजेच स्नायू हळू ताणायचा. पोटरीसाठी खेळाडूला उताणा झोपवा किंवा पाय पसरून बसवा. आधी गुडघा हळूहळू सरळ करा, कारण गुडघा वाकलेला राहिला तर वरचा मोठा स्नायू पुरता ताणला जातच नाही. मग एका हाताने टाच धरा, दुसऱ्या हाताचा तळवा चवड्याखाली ठेवा आणि पंजा नडगीच्या दिशेने सावकाश ढकला. झटका द्यायचा नाही. खेळाडूला सांगा, ‘तू स्वतःही पंजा वर ओढ.’ नडगीच्या पुढचा स्नायू कामाला लागला की पोटरीला सैल होण्याचा हुकूम मज्जारज्जूतूनच जातो, त्यामुळे दोघांच्या जोराने गोळा लवकर सुटतो. ही ओढ वीस-तीस सेकंद धरा आणि गोळा विरल्यावरही थोडा वेळ तशीच ठेवा. घाईने सोडली तर पुष्कळदा तो त्याच क्षणी परत येतो. गोळा मांडीच्या मागे असेल तर पाय सरळ ठेवून वर उचलायचा, मांडीच्या पुढे असेल तर गुडघा वाकवून टाच कुल्ल्याकडे न्यायची.

गोळा सुटला म्हणजे स्नायू ताजा झाला असं नाही. तो पुढचा बराच वेळ जरा कशाने पुन्हा आवळायच्या बेतात असतो. त्याच खेळाडूला लगेच पुढची चढाई देणं म्हणजे दुसरा गोळा ओढवून घेणं. त्याला बदली करून बसवा. खेळाडू कमी असतील तर निदान दोन-तीन चढाया दुसऱ्याला द्या. तोवर त्याने टाच जमिनीवर टेकवून उभं राहावं, थोडं चालावं.

ताणण्याआधी दोन सेकंद थांबून एक गोष्ट मात्र पाहायची. हा गोळाच आहे ना? गोळ्यात स्नायू टणक हाताला लागतो, दुखणं चढत जातं आणि ताणल्यावर कमी होतं. पोटरीत ‘कट्’ असा आवाज आला, कोणी मागून काठी मारल्यासारखं वाटलं, ताणल्यावर वेदना वाढली, किंवा थोड्या वेळाने तिथे काळंनिळं पडलं, तर स्नायू किंवा टाचेची कंडरा फाटली असण्याची शक्यता आहे. खेळाडूला त्या एका पायाच्या चवड्यावर उभं राहता येत नसेल तर संशय पक्का समजा. अशा पायाला ताण देऊ नका, चोळू नका; बर्फ लावून, भार न देता डॉक्टरांकडे न्या.

आता घरच्या आणि मैदानावरच्या उपायांकडे येऊ. जुन्या लोकांचा पायाचा अंगठा ओढण्याचा उपाय बराचसा खरा आहे. अंगठा नडगीकडे ओढला की पंजा वर येतो आणि पोटरी ताणली जाते. फक्त एकट्या अंगठ्यावर जोर देण्यापेक्षा सगळा चवडा धरला तर ओढ नीट बसते आणि अंगठ्याचा सांधा दुखावत नाही. गोळ्यावर मुठी मारणं मात्र बंदच करायला हवं. आवळलेल्या स्नायूला मार बसला तर आतून रक्त साकळतं आणि दुसऱ्या दिवशी खरी दुखापत घेऊन खेळाडू घरी बसतो. गुडघ्याखाली रुमाल आवळल्याने मज्जारज्जूच्या हुकमात काहीच बदलत नाही, उलट थकलेल्या पायाचा रक्तपुरवठा अडतो. बाम आणि गार फवाऱ्याने कातडीला बरं वाटतं. गोळा सुटल्यावर राहिलेल्या ठसठशीला ते चालतील, पण ताणण्याआधी डबी शोधण्यात वेळ घालवू नये. खोबरेल लावून हलक्या हाताने चोळणंही गोळा सुटल्यानंतरचंच.

केळ्याबद्दलचा विश्वास सर्वांत पक्का आहे आणि तो पोटॅशियमवर उभा आहे. पण केळं खाल्ल्यावर रक्तातलं पोटॅशियम वाढायला अर्धा-एक तास लागतो आणि वाढतं तेही किंचित. आलेला गोळा तोवर केव्हाच गेलेला असतो. शिवाय घामातून पोटॅशियम थोडंच जातं, जातं ते मुख्यतः सोडियम. दोन सामन्यांच्या मध्ये केळं जरूर खावं, पण ते ताकदीसाठी, कारण त्यातली साखर थकलेल्या स्नायूला हवीच असते. शहाळ्याचंही असंच आहे. पाणी म्हणून, पोटॅशियम म्हणून ते उत्तम, मात्र त्यात सोडियम त्यामानाने कमी असतं. घामाची भरपाई एकट्या शहाळ्यावर सोडली तर मिठाची बाजू लंगडी राहते.

लिंबू-मीठ आणि आगळ यांची गोष्ट जास्त मजेदार आहे. 2010 साली अमेरिकेत झालेल्या एका प्रयोगात पायाच्या अंगठ्याच्या छोट्या स्नायूत विजेच्या हलक्या झटक्यांनी मुद्दाम गोळा आणला आणि मग काहींना पाणी, काहींना खारवलेल्या काकडीचं आंबट खारं पाणी पाजलं. मात्रा होती वजनाच्या दर किलोला एक मिलिलिटर, म्हणजे 68 किलोच्या माणसाला साधारण अर्धी वाटी. खारं पाणी प्यायलेल्यांचा गोळा सरासरी 85 सेकंदांत सुटला, साधं पाणी प्यायलेल्यांना 134 सेकंद लागले. एवढ्या वेळात मीठ पोटातून रक्तात आणि रक्तातून स्नायूत पोचणं शक्यच नाही. म्हणून समजूत अशी की तीव्र आंबट चव घशातल्या चेतातंतूंना डिवचते आणि तिथून निघालेला संदेश मज्जारज्जूतला अतिरेकी हुकूम शांत करतो. प्रयोग काकडीच्या खाऱ्या पाण्याचा होता, आगळाचा नव्हता. पण कोकणातल्या घराघरांत बरणीत असणारं कोकमाचं आगळ तितकंच आंबट आणि खारट असतं, तेव्हा ताणणं चालू असताना त्याचे दोन घोट दिले तर तर्काला धरूनच आहे. साखर घालून पातळ केलेल्या सरबतात तो तीव्रपणा उरत नाही. आणि काहीही द्यायचं झालं तरी खेळाडूला आधी बसवा. उताण्या पडलेल्या, धापा टाकणाऱ्या माणसाच्या तोंडात लिंबू पिळलं तर ते श्वासनलिकेत जाऊ शकतं.

मग मिठाचं काहीच महत्त्व नाही का? आहे, पण सगळ्यांना नाही. एका दिवसात तीन-चार सामने, दमट हवा आणि घाम फार येणारा खेळाडू, अशी गाठ पडली की खाणीतल्या मजुरांचीच परिस्थिती तयार होते. असा खेळाडू ओळखू येतो: जर्सी वाळल्यावर तिच्यावर पांढरे पट्टे उमटतात, घाम डोळ्यांत गेला की चुरचुरतो, आणि गोळा एका पोटरीवर न थांबता दोन्ही पाय, मांड्या, कधी पोटापर्यंत फिरत जातो.

त्याचा हिशेब घरच्या वजनकाट्यावर होतो. समजा सामन्याआधी वजन 68 किलो होतं. सामन्यानंतर अंग पुसून, कोरड्या कपड्यांत 67.2 भरलं. मध्ये तो अर्धा लिटर पाणी प्यायला आणि लघवीला गेला नाही. वजन घटलं 0.8 किलो, त्यात प्यायलेलं 0.5 मिळवलं की घाम निघाला सुमारे 1.3 लिटर. घामात लिटरला साधारण एक ग्रॅम सोडियम धरतात. माणसागणिक हे अर्ध्यापासून जवळजवळ दुपटीपर्यंत बदलतं. सोडियमची अडीचपट केली की मीठ मिळतं, म्हणजे या सामन्यात गेलं सव्वातीन ग्रॅम मीठ, चहाच्या अर्ध्या चमच्याहून थोडं जास्त. असे तीन सामने म्हणजे जवळपास चार लिटर घाम आणि दहा ग्रॅमच्या आसपास मीठ. हे सगळं नुसत्या साध्या पाण्याने भरून काढायला गेलं तर रक्तातलं सोडियम पातळ होतं. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी 2019 साली दहा पुरुषांवर केलेल्या प्रयोगात घाम गाळून साधं पाणी प्यायल्यावर स्नायूत गोळा आणणं सोपं झालं आणि क्षारयुक्त पेय प्यायल्यावर अवघड झालं. प्रयोग छोटा आहे, पण ‘जितकं जास्त पाणी तितकं चांगलं’ या समजुतीला तो नीट छेद देतो.

सामन्यांच्या मधल्या वेळेसाठी ओआरएसचं पाकीट, त्यावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात, हे सर्वांत सोपं. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा. चवीसाठी लिंबू किंवा कोकम घालायला हरकत नाही. मीठ अंदाजाने वाढवू नका. जास्त खारट पाण्याने मळमळतं आणि पोट बिघडतं. दोन तासांची उसंत असेल तर उकड्या तांदळाची पेज, मीठ घालून, सोबत लोणच्याची फोड, याहून चांगलं काही नाही. पाणी, मीठ आणि पिष्टमय अन्न तिन्ही एकदम मिळतं आणि पोटही जड होत नाही. रक्तदाबाचा किंवा मूत्रपिंडाचा त्रास असलेल्याने मात्र मिठाचा हा हिशेब डॉक्टरांना विचारूनच करावा.

गोळा पुन्हा येऊ नये यासाठी सगळ्यांत जास्त भिस्त ठेवावी ती सरावावर, कारण मूळ थकव्यात आहे. सामन्याआधी दहा मिनिटं पोटऱ्या ताणल्याने गोळा टळतो असं प्रयोगांत दिसलेलं नाही. आलेला गोळा सोडवणं आणि येणारा अडवणं ही दोन वेगळी कामं आहेत. पोटरीला उशिरा थकायला शिकवायचं तर पायरीच्या कडेवर चवडे टेकवून उभं राहा, दोन्ही पायांवर वर चढा, मग एका पायावर भार घेऊन तीन-चार सेकंद मोजत टाच पायरीच्या खाली उतरू द्या. बारा ते पंधरा वेळा, तीन फेऱ्या, आठवड्यातून दोन-तीन दिवस. प्रत्येक फेरीत निम्म्या वेळा गुडघा सरळ ठेवून आणि निम्म्या वेळा किंचित वाकवून करा, म्हणजे पोटरीचा खालचा स्नायूही तयार होतो. सुरुवातीला दुसऱ्या दिवशी पाय भरून येतील, म्हणून हा व्यायाम स्पर्धेच्या किमान सहा आठवडे आधी सुरू करा आणि शेवटचे चार दिवस बंद ठेवा. दुसरं असं की सराव नेहमी पहिल्या डावाच्या ताज्या पायांवरच होतो. आठवड्यातून एकदा तरी दमल्यावर, शेवटच्या वीस मिनिटांत, पूर्ण वेगाच्या चढाया करून घ्या. स्पर्धेचा वेग जर सरावात कधी लागलाच नसेल, तर तो पायाला पहिल्यांदा भेटतो तो उपांत्य सामन्यात.

मॅग्नेशियमच्या गोळ्या हल्ली मैदानाजवळच्या औषध दुकानांत खूप खपतात. खेळताना येणाऱ्या गोळ्यांवर त्यांचा उपयोग सिद्ध झालेला नाही, आणि वयस्कर माणसांच्या रात्रीच्या पेटक्यांवरही त्या फारशा कामाच्या ठरलेल्या नाहीत. क्विनाइनची गोळी कोणी सुचवली तर घेऊ नका. हृदयावर आणि रक्तावर तिचे गंभीर परिणाम होऊ शकतात.

आणि काही वेळा पाय ताणत बसायचंच नाही. पेटक्यांबरोबर डोकं ठणकत असेल, उलट्या होत असतील, खेळाडू असंबद्ध बोलत असेल किंवा अंग भाजत असेल तर तो उष्माघात किंवा सोडियम घसरल्याचा प्रकार असू शकतो. अंग भाजत असेल तर लगेच सावलीत नेऊन अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि वाट न बघता रुग्णालयात हलवा. असंबद्ध बोलणाऱ्याला तोंडाने काहीही पाजू नका. सामन्यानंतर लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची झाली तर स्नायू आतून मोडल्याची ती खूण असू शकते, तिथेही त्याच रात्री डॉक्टर गाठायला हवेत. न खेळता, विश्रांतीत वारंवार गोळे येत असतील, एकाच पायाची पोटरी सुजून गरम लागत असेल, किंवा लघवी वाढवणारी औषधं चालू असतील, तर मैदानावरच्या कुठल्याच उपायाकडे न जाता आधी तपासणी करून घ्या.